ऑडिट कमिटीत कोण बसतं, तिला अधिकार किती आणि मार्च एंडच्या आकड्यांवर ती लक्ष कशी ठेवते: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या पट्ट्यातल्या कंपन्यांकडून, म्हणजे तिथले संचालक, अकाउंट्सवाले आणि नुकतेच कंपनी सेक्रेटरी झालेले पोरं-पोरी, यांच्याकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथं एकत्र केलेत. उदाहरणासाठी एक काल्पनिक फाउंड्री घेतलीय, लिस्टेड, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली, वर्षाची उलाढाल २४० कोटी. आकडे माझे, पण असे प्रकार घडतात तसेच लिहिलेत.

ऑडिट कमिटी कुणाला लागते? आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्हाला पण लागते का?

नाही, प्रायव्हेट लिमिटेडला नाही लागत. कंपनी कायदा २०१३ चं कलम १७७ लिस्टेड कंपन्यांना लागू होतं आणि लिस्टेड नसलेल्या पण मोठ्या पब्लिक कंपन्यांना. मोठी म्हणजे भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १०० कोटी किंवा जास्त, किंवा कर्ज, डिबेंचर आणि ठेवी मिळून ५० कोटींच्या वर. तिन्हीपैकी एक जरी बसलं तरी पुरे. त्यातून शंभर टक्के मालकीची उपकंपनी, जॉइंट व्हेंचर आणि बंद पडलेली डॉर्मंट कंपनी सुटते.

लिस्टेड असाल तर कायद्याच्या वर सेबीचे लिस्टिंगचे नियम, म्हणजे एलओडीआर, येतात आणि ते जास्त कडक आहेत. लहान लिस्टेड कंपन्यांना त्यातून बरीच सूट आहे, भांडवल १० कोटींपर्यंत आणि नेटवर्थ २५ कोटींपर्यंत, दोन्ही एकदम. पण सूट सेबीच्या नियमांतून मिळते, कलम १७७ मधून नाही, हे लक्षात न ठेवता कमिटीच गुंडाळून टाकणारे लोक भेटतात.

कमिटीत कोण-कोण असावं लागतं?

कायद्यानं कमीत कमी तीन संचालक, त्यात स्वतंत्र संचालक बहुमतात. सेबीनं कमीत कमी तीन आणि त्यात दोन तृतीयांश स्वतंत्र. तीन जणांच्या कमिटीत म्हणजे दोन स्वतंत्र आणि एक घरचा, असं आपल्याकडं सर्रास दिसतं आणि ते नियमात बसतं. चेअरमन मात्र स्वतंत्रच पाहिजे आणि त्यानं वार्षिक सभेला हजर राहून भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात. कंपनी सेक्रेटरी हा कमिटीचा सेक्रेटरी.

ताळेबंद, नफा-तोटा आणि कॅश फ्लो वाचून समजणं ही सेबीच्या नियमात सगळ्या सदस्यांची अट आहे, आणि त्यातल्या किमान एकाला अकाउंट्स किंवा फायनान्सचं खरोखरीचं कौशल्य पाहिजे. आता "समजतं" हे कोण तपासणार, कुणीच नाही. त्यामुळं घरोब्यातले डॉक्टर, निवृत्त प्राचार्य यांना बसवलं जातं, माणसं सज्जन असतात पण इन्व्हेंटरीची नोट समोर आली की पान उलटतात. माझं मत विचाराल तर फाउंड्रीच्या कमिटीत एक तरी माणूस असा पाहिजे की ज्यानं मेल्टिंग लॉस आणि रिजेक्शनचा आकडा आयुष्यात कधीतरी स्वतः पाहिलाय, नुसता सीए असून भागत नाही.

कोरमचं काय? तीनपैकी दोन आले की झाली मीटिंग?

इथंच फसतात. लिस्टेड कंपनीत कोरम म्हणजे दोन सदस्य किंवा एक तृतीयांश, जे जास्त ते, आणि त्यात किमान दोन स्वतंत्र संचालक. आपल्या तीनच्या कमिटीत दोनच स्वतंत्र आहेत, त्यातला एक जरी आजारी पडला तर घरचा संचालक आणि उरलेला स्वतंत्र मिळून मीटिंग होत नाही. ते पण नेमकं मे महिन्यात, जेव्हा वर्षाचे निकाल ३० मेपर्यंत, म्हणजे वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, एक्स्चेंजला द्यायचे असतात. म्हणून मी कायम सांगतो की चार जणांची कमिटी करा, तीन स्वतंत्र घ्या. व्हिडिओवरून हजर राहता येतं, आधी आर्थिक पत्रकांच्या विषयाला ती परवानगी नव्हती, २०२१ मध्ये ती अडचण काढून टाकली.

वर्षात चार मीटिंग आणि दोन मीटिंगांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, हे बहुतेकांना माहीत असतंय.

कमिटीला नेमके अधिकार काय? शेवटी बोर्डच ठरवतं ना?

निकालाला मंजुरी बोर्डच देतं, बरोबर. पण कमिटी म्हणजे बोर्डाच्या आधी चहा घेऊन उठायची मीटिंग नव्हे. कायद्यानं तिला चौकशीचा अधिकार दिलाय, कंपनीच्या कुठल्याही रेकॉर्डपर्यंत पोचायचा अधिकार दिलाय आणि बाहेरचा तज्ज्ञ नेमायचा अधिकार दिलाय. सेबीच्या नियमांत कुठल्याही कर्मचाऱ्याकडून माहिती मागायचा अधिकार स्वतंत्र लिहिलाय. म्हणजे चेअरमननं उद्या डिस्पॅच सुपरवायझरला मीटिंगमध्ये बोलवून विचारलं तर एमडींना "ते माझ्यामार्फत विचारा" असं म्हणता येत नाही.

ऑडिटर कोण नेमायचा, त्याची फी किती, याची शिफारस कमिटी करते. सीएफओची नेमणूक कमिटीच्या मंजुरीशिवाय होत नाही. इंटर्नल ऑडिटचा प्लॅन, त्याचा माणूस, त्याचे रिपोर्ट कमिटीसमोर. आणि कमिटीची शिफारस बोर्डानं मानली नाही तर बोर्डाच्या वार्षिक अहवालात ते कारणासकट छापावं लागतं, कलम १७७ (८). हे कलम वापरलं गेलेलं क्वचितच दिसेल कारण छापायची वेळ येऊ नये म्हणून बोर्ड आधीच ऐकतं, त्याची खरी ताकद ती आहे.

कमिटी अकाउंट्स तपासते का? ऑडिटर असताना परत कशाला?

नाही तपासत. व्हाउचर बघणं ऑडिटरचं काम, हिशोब लिहिणं मॅनेजमेंटचं. कमिटी बघते ते जिथं मॅनेजमेंटनं *अंदाज* केलाय किंवा *निवड* केलीय ते. विक्री कधी धरली, बुडीत येणीसाठी तरतूद किती, जुन्या पॅटर्न आणि न हललेल्या मालाची किंमत किती लावली, ग्राहकाबरोबरचा दराचा वाद कसा धरला. नफा वर-खाली होतो तो इथंच, बाकीचे आकडे बँक स्टेटमेंटवरून जुळतात. जुळतात म्हणजे, ऑडिटरनं बँकेकडून थेट पुष्टी घेतली असेल तर. सत्यममध्ये जानेवारी २००९ ला जे बाहेर आलं त्यात दाखवलेल्या रोख आणि बँक शिल्लकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, त्यामुळं "बँक बॅलन्सची पुष्टी थेट आली का" हा प्रश्न कितीही बाळबोध वाटला तरी विचारावाच.

एक केस घेऊन सांगा, नुसतं तत्त्व नको.

घ्या. आपली फाउंड्री, वर्षाची विक्री २४० कोटी, करपूर्व नफा ९.६ कोटी. एप्रिल ते फेब्रुवारी अकरा महिन्यांची विक्री २०९ कोटी, म्हणजे महिन्याला सरासरी १९ कोटी. आणि एकट्या मार्चमध्ये ३१ कोटी.

मार्चमध्ये जोर लावणं आपल्याकडं नवीन नाही, सगळेच लावतात, रात्रपाळ्या चालतात, ट्रक कमी पडतात. त्यामुळं नुसता ३१ चा आकडा बघून कुणाला चोर म्हणता येत नाही. पण कमिटीनं दोन कागद मागवायचे. पहिला, शेवटच्या आठवड्यातल्या डिस्पॅचची ग्राहकवार यादी. दुसरा, एप्रिलची विक्री आणि एप्रिल-मेमधल्या क्रेडिट नोट, कारण निकाल मेमध्ये मंजूर होतायत आणि तोपर्यंत एप्रिल सगळा हातात असतो. इथं एप्रिलची विक्री निघाली १३ कोटी. मार्चला ३१ आणि एप्रिलला १३, म्हणजे एप्रिलची विक्री मार्चमध्येच ओढून दाखवलीय अशी शंका यायला हवी.

यादीत दिसलं की ९ कोटींचा माल शेवटच्या सहा दिवसांत चाकणच्या एका गोदामात गेलाय. गोदाम ग्राहकाचं नाही, एका लॉजिस्टिक्सवाल्याचं आहे. जानेवारीपासून ग्राहकानं सांगितलं की माल थेट प्लँटला नको, गोदामात ठेवा, आमची लाइन लागेल तसं आम्ही उचलू. ही पद्धत वाहन कंपन्यांच्या पुरवठ्यात नेहमीची आहे, त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की विक्री कधी झाली, गोदामात पोचल्यावर की ग्राहकानं उचलल्यावर?

मग उत्तर काय? बिल झालं, ई-वे बिल झालं, जीएसटी भरला, म्हणजे विक्री झालीच ना?

सीएफओ हेच म्हणणार, आणि मनापासून म्हणणार. पण जीएसटीचा नियम वेगळा आणि हिशोबाचं स्टँडर्ड वेगळं. इंड एएस ११५ विचारतं की मालावरचा ताबा ग्राहकाकडं गेला का. त्यासाठी ग्राहकाबरोबरचा करार वाचावा लागतो. आपल्या केसमध्ये करारात लिहिलंय की गोदामातून उचल होईपर्यंत माल पुरवठादाराचा, खराब झाला तर पुरवठादाराची जोखीम, पैशाचा कालावधी उचल झाल्यापासून मोजायचा. म्हणजे हा कन्साइनमेंटसारखा प्रकार झाला, पोचवलाय पण विकलेला नाही.

गोदामवाल्याचा ३१ मार्चचा स्टॉक रिपोर्ट मागवला तर ९ कोटींपैकी फक्त २.२ कोटींचा माल उचललाय. उरलेला ६.८ कोटींचा माल अजून आपलाच. मग विक्रीतून ६.८ कोटी वजा, आणि तोच माल खर्चाच्या किमतीला, म्हणजे समजा ५.६ कोटींना, स्टॉकमध्ये परत. फरक १.२ कोटी, तो नफ्यातून गेला.

विक्री २४० ची २३३.२ कोटी. करपूर्व नफा ९.६ चा ८.४ कोटी.

म्हणजे विक्री तीन टक्क्यांच्या आसपास हलली, नफा मात्र साडेबारा टक्के खाली आला, कारण शेवटच्या दिवसांतल्या विक्रीबरोबर अख्खं मार्जिन येतं आणि वर्षाचे स्थिर खर्च तर आधीच लिहून झालेले असतात. इथं अजून एक गोष्ट विचारायची, गेल्या वर्षीच्या मार्चला पण असा माल गोदामात होता का? असता तर फक्त दोन वर्षांचा फरक घेऊन चालत नाही, मागच्या वर्षीचे आकडे पण दुरुस्त करावे लागतात. आपल्याकडं गोदाम जानेवारीत सुरू झालं म्हणून तो त्रास नाही. पण डिसेंबरनंतर पद्धत बदलली आणि अकाउंट्सला कुणी सांगितलंच नाही, असं झालं असेल तर ती कंट्रोलमधली कमतरता आहे आणि ती ऑडिटरनं लेखी कळवायला हवी.

जीएसटी रिटर्नमधली विक्री आणि पुस्तकातली विक्री आता जुळणार नाही, ६.८ कोटींचा फरक पडेल. तो लिहून ठेवायचा, लपवायचा नाही. वर्षाच्या रिटर्नच्या जुळवणीत तो दाखवता येतो.

हे ऑडिटरनंच पकडायला नको होतं का?

हवं होतं. कधी पकडतो, कधी त्याला गोदामाच्या पद्धतीबद्दल माहितीच नसते कारण करार परचेस-मार्केटिंगच्या फायलीत पडलेला असतो आणि त्याच्यासमोर बिल आणि ई-वे बिल येतं. कमिटीचा उपयोग असा की ती विचारते, "या वर्षी ग्राहकांबरोबरच्या अटीत काय बदललं?" हा एकच प्रश्न मार्केटिंगच्या माणसाला समोर बसवून विचारला तर अर्ध्या भानगडी निघतात.

अजून एक ताळा आहे जो आपल्याकडं फार कामाला येतो. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. त्यात हा चाकणचा माल काय म्हणून दाखवलाय, स्टॉक की येणं? ड्रॉइंग पॉवर कुठून जास्त मिळते त्यावर दाखवायची सवय असते कंपन्यांना. कॅश क्रेडिट ५ कोटींच्या वर असेल तर तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का हे ऑडिटरला कॅरो २०२० नुसार अहवालात लिहावं लागतं. बँकेला एक, एक्स्चेंजला दुसरं, असं कमिटीला दिसलं की विषय तिथंच धरायचा.

कमिटीनं ऑडिटरला एकट्याला भेटायचं असं कुठं लिहिलंय? आमचे एमडी नाराज होतात.

सेबीच्या नियमात ऑडिट सुरू होण्याआधी व्याप्तीबद्दल आणि झाल्यावर चिंतेच्या बाबींबद्दल ऑडिटरशी चर्चा करायला सांगितलंय. एकट्याला असं शब्दशः नाही, पण चांगल्या कमिट्या करतातच, वर्षातून एकदा तरी, वीस मिनिटं, मॅनेजमेंट बाहेर. त्यात फार गुप्त काही नसतं. विचारायचं ते असं: कुठल्या दुरुस्त्या सुचवल्या आणि मॅनेजमेंटनं कुठल्या नाकारल्या? कुठला कागद मागून मिळाला नाही? कुणी दबाव टाकला? पुढच्या वर्षी तुम्हीच सीएफओ असता तर काय बदललं असतं?

पहिल्या प्रश्नाला "सगळं व्यवस्थित, एकही दुरुस्ती नाही" असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. २४० कोटींच्या कंपनीत एकही दुरुस्ती निघाली नाही म्हणजे एक तर अकाउंट्स विलक्षण चांगले आहेत नाहीतर ऑडिट हलकं झालंय.

एमडी नाराज होत असतील तर दरवर्षीच्या अजेंड्यात तो विषय कायमचा छापून टाका. नेहमीचा विषय असला की कुणाला आपल्यावर संशय घेतलाय असं वाटत नाही.

ऑडिटरकडूनच टॅक्सचं काम, सिस्टीमचं काम करून घेतलं तर?

टॅक्स ऑडिटला हरकत नाही. हिशोब लिहून देणं, इंटर्नल ऑडिट, फायनान्शियल सिस्टीम बसवून देणं ही कामं कलम १४४ मध्ये बंद आहेत, कंपनीलाच नाही तर होल्डिंग आणि उपकंपनीला पण. बाकीच्या कामांना कमिटीची किंवा बोर्डाची मंजुरी. ऑडिट फी ८ लाख आणि इतर कामं २० लाख असतील तर कायदा मोडलेला नसला तरी ऑडिटरचं मन कुठं आहे ते कळतं.

रिलेटेड पार्टीचं सांगा. साहेबांचे मेव्हणे भंगार पुरवतात, ते रिलेटेड पार्टी होतात का?

हा प्रश्न कोल्हापुरात जेवढा येतो तेवढा दुसरीकडं येत असेल का शंका आहे, कारण इथं सगळं गावच एकमेकांचे पाव्हणे. बारकाईनं बघूया.

कंपनी कायद्यात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. बायकोचा भाऊ यात नाही. चुलतभाऊ पण नाही. त्यामुळं कंपन्या बिनधास्त सांगतात की मेव्हणे बाहेरचे.

पण लिस्टेड कंपनीत सेबीची व्याख्या मोठी आहे. प्रमोटर ग्रुपमध्ये असलेली कुठलीही व्यक्ती किंवा संस्था आपोआप रिलेटेड पार्टी धरली जाते, आणि प्रमोटर ग्रुपमध्ये प्रमोटरच्या जोडीदाराचे भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं पण येतात. म्हणजे साहेब प्रमोटर असतील तर मेव्हणे आत आले. मेव्हण्यांची प्रोप्रायटरशिप असेल तर ते स्वतःच पार्टी, कंपनी असेल आणि त्यात त्यांचे २० टक्के किंवा जास्त शेअर असतील तर ती कंपनी पण. चुलतभाऊ तरीही सुटतो, पण तिथं दुसरी अट आहे, १ एप्रिल २०२३ पासून बाहेरच्या माणसाबरोबरचा व्यवहार सुद्धा, त्याचा हेतू आणि परिणाम रिलेटेड पार्टीला फायदा देण्याचा असेल, तर रिलेटेड पार्टीचाच व्यवहार धरला जातो.

मग अशा व्यवहाराला कमिटी नाहीच म्हणायची का?

अजिबात नाही. मेव्हण्यांकडून माल घेणं गुन्हा नाही, उलट टंचाईत तोच माणूस रात्री अकराला ट्रक पाठवतो. कमिटीनं बघायचं ते दर, अटी आणि गरज. मंजुरी व्यवहाराच्या आधी लागते आणि लिस्टेड कंपनीत ती फक्त स्वतंत्र सदस्यांनी द्यायची, घरचा संचालक कमिटीत असला तरी या विषयावर मत देत नाही.

आपल्या केसमध्ये मेव्हणे महिन्याला ४०० टन सीआरसी भंगार देतात, ४२ रुपये किलोनं. त्याच दर्जाचं भंगार दुसरे दोन व्यापारी ४० नं देतात. दोन रुपये म्हणजे किरकोळ वाटतं, पण ४०० टनांवर महिन्याला ८ लाख, वर्षाला ९६ लाख. परचेसवाले म्हणतात की मेव्हणे ४५ दिवस उधार देतात, बाकीचे रोखीत. ठीक आहे, मोजा की. ४० रुपयांवर १२ टक्के व्याजानं ४५ दिवसांचं व्याज साधारण ५९ पैसे. म्हणजे दोन रुपयांपैकी साठेक पैशांना कारण आहे, १ रुपया ४० पैशांना नाही. तेवढ्याचे महिन्याला ५.६ लाख, वर्षाला ६७ लाख, आणि दुरुस्तीनंतरचा आपला नफा ८.४ कोटी आहे हे विसरू नका.

कमिटी इथं असं करू शकते: दर महिन्याला तीन कोटेशन, मेव्हण्यांचा दर सगळ्यात कमी रोख दरापेक्षा ६० पैशांहून जास्त नको, महिन्याला ४०० टनांची मर्यादा, दर तिमाहीला प्रत्यक्ष खरेदीचा तक्ता कमिटीसमोर. याला ओम्निबस मंजुरी म्हणतात, ती जास्तीत जास्त एका वर्षाची. वर्षाची एकूण खरेदी २० कोटींच्या आसपास जाते हेही बघायचं, कारण गेल्या वर्षीची उलाढाल समजा २२५ कोटी होती तर तिच्या १० टक्क्यांवर, म्हणजे २२.५ कोटींवर गेलं की भागधारकांची मंजुरी लागते. भंगाराचा दर पाच रुपये चढला की ही रेषा ओलांडली जाते आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही, कारण टन तेवढेच असतात.

ऑडिटरला फ्रॉड सापडला तर तो कमिटीला सांगतो का थेट सरकारला?

आधी कमिटी किंवा बोर्डाला, कळल्यापासून दोन दिवसांत. रक्कम १ कोटी किंवा जास्त असेल तर ४५ दिवसांत कंपनीचं उत्तर मागवायचं आणि ते आल्यावर, किंवा नाही आलं तर मुदत संपल्यावर, १५ दिवसांत केंद्र सरकारला कळवायचं. १ कोटीच्या खाली सरकारकडं जात नाही पण बोर्डाच्या अहवालात येतं. त्या ४५ दिवसांत कमिटीनं नुसतं उत्तर ड्राफ्ट करत बसू नये, बाहेरचा तपासनीस नेमायचा अधिकार याच दिवसांसाठी आहे.

कर्मचाऱ्याला तक्रार करायची असेल तर व्हिजिल मेकॅनिझममधून गरज पडल्यास थेट कमिटीच्या चेअरमनकडं जाता येतं. नोटीस बोर्डावर चेअरमनचा मेल आयडी लावलेला आहे का बघा एकदा, बऱ्याच ठिकाणी तिथं एचआरचाच आयडी असतोय.

कागद कधी मिळायला पाहिजेत? आम्हाला तर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते.

सेक्रेटरियल स्टँडर्डप्रमाणे अजेंडा आणि नोट्स सात दिवस आधी. निकालाचे आकडे गोपनीय किमतीवर परिणाम करणारी माहिती असल्यामुळं ते संमतीनं उशिरा देता येतात, आणि ही सवलत सगळ्यावर पांघरली जाते. तसं नको. रिलेटेड पार्टीचा तक्ता, इंटर्नल ऑडिट रिपोर्ट, अंदाजांवरची नोट हे सगळं आठवडाभर आधी देता येतं. आदल्या रात्री १८० पानं आली तर स्वतंत्र संचालकानं मीटिंग दोन दिवस पुढं घ्यायला सांगावं, फक्त ३० मेच्या आत बसेल असं बघून.

मिनिट्समध्ये किती लिहायचं?

"कमिटीनं निकालांचा आढावा घेतला आणि शिफारस केली" एवढंच लिहिलेलं मिनिट कुणाच्याच कामाचं नाही. चाकणच्या मालाच्या विषयात असं लिहा: कमिटीनं करार आणि गोदामाचा ३१ मार्चचा रिपोर्ट पाहिला, ६.८ कोटींची विक्री त्या वर्षात धरता येत नाही असं मत दिलं, सीएफओंनी दुरुस्ती मान्य केली, ऑडिटर सहमत, यापुढं महिनाअखेरीला गोदामाचा रिपोर्ट आल्याशिवाय त्या ग्राहकाची विक्री धरायची नाही.

स्वतंत्र संचालकाला हेच वाचवतं. कलम १४९ (१२) नुसार त्याची जबाबदारी त्याच गोष्टींपुरती जी बोर्डाच्या कामकाजातून त्याला माहीत होती आणि त्याची संमती होती, किंवा जिथं त्यानं नीट लक्ष दिलं नाही. नीट लक्ष दिलं हे पाच वर्षांनी दाखवायला मिनिट्सशिवाय दुसरं काय असतं? ड्राफ्ट १५ दिवसांत फिरतो, सात दिवसांत शेरे द्यायचे. त्या सात दिवसांत वाचा. विरोध नोंदवला असेल आणि ड्राफ्टमध्ये "सविस्तर चर्चा झाली" एवढंच आलं असेल तर मेलवर लेखी दुरुस्ती मागा.

कमिटी नसली किंवा चुकीची असली तर दंड किती?

कंपनी कायद्यात कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला १ लाख. लिस्टेड असाल तर रचना चुकल्याबद्दल एक्स्चेंजचा दिवसाला २,००० रुपये दंड वेगळा, आणि तो तुमच्या नावापुढं वेबसाइटवर दिसतो, जे काहींना पैशापेक्षा जास्त झोंबतं.

साखर कारखाना, पतसंस्था, अर्बन बँक यांना हे लागू आहे का?

सहकारी साखर कारखाना आणि पतसंस्था कंपनी नाहीत, महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली येतात, त्यामुळं कलम १७७ नाही. त्यांचं ऑडिट त्या कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे. अर्बन बँकेला मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी संचालक मंडळाची ऑडिट कमिटी लागते आणि त्यात सीए किंवा हिशोब-फायनान्सचा अनुभव असलेला संचालक पाहिजे. खाजगी साखर कारखाना पब्लिक लिमिटेड असेल तर वर सांगितलेल्या मर्यादा बघा, उलाढाल १०० कोटी तर एका चांगल्या हंगामात सहज पार होते.